प्रश्नांची चढती भाजणी: ‘उष्णता’ पाठातील आर्द्रतेचा उपघटक आणि पाच विद्यार्थ्यांचा अभ्यासगट

परभणी जिल्ह्यातील एका गावात दहावीत गेलेल्या पाच विद्यार्थ्यांचा अभ्यासगट मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्याच एका खोलीत संध्याकाळी बसत असे. मी त्यांचा विज्ञानाचा शिक्षक. राज्य मंडळाच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ या पुस्तकातील ‘उष्णता’ हा पाठ त्यांनी स्वतःहून आधी वाचून काढला होता आणि एकमेकांना प्रश्न विचारून तो पक्काही केला होता. दवबिंदू तापमान म्हणजे काय, सापेक्ष आर्द्रतेचे सूत्र कोणते, बाष्पनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा किती, असे कोणतेही विचारा, उत्तर तोंडपाठ होते. त्याच खोलीत एक कूलर चालू होता. तो मे महिन्यात गारवा देतो आणि पावसाळ्यात मात्र त्याच्यासमोर बसले तरी अंग चिकचिकते, हे पाचपैकी चौघांना घरच्या किंवा शेजारच्या अनुभवाने माहीत होते. पण ‘असे का होते’ या प्रश्नावर मिळालेले उत्तर होते, ‘कारण पावसाळ्यात हवेत आर्द्रता जास्त असते.’ पुढे ‘आर्द्रता जास्त असली म्हणून काय झाले?’ असे विचारल्यावर एकाने सापेक्ष आर्द्रतेची व्याख्या म्हणून दाखवली आणि सगळे गप्प झाले.

प्रश्न समजला नाही की गट व्याख्येकडे परततो. अशा वेळी पाठ पुन्हा शिकवावा असे वाटते, परंतु येथे पाठ येत नव्हता असे नाही. व्याख्या आणि कूलर यांच्या मधल्या पायऱ्या कोणी बांधलेल्याच नव्हत्या. पुस्तकातील स्वाध्यायात व्याख्या, रिकाम्या जागा, शास्त्रीय कारणे आणि उदाहरणे असतात. प्रत्येक प्रकार आपापल्या जागी योग्य आहे, पण ते एकावर एक चढत जावेत अशी त्यांची मांडणी नसते, कारण ते वेगवेगळ्या उपघटकांवर विखुरलेले असतात. अभ्यासगटाला हवी असते ती एकाच कल्पनेवर उभी राहणारी भाजणी, ज्यात खालच्या प्रश्नाचे उत्तर वरच्या प्रश्नात वापरावेच लागते.

शिक्षकांना संविधान तक्त्यातील ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य ही उद्दिष्टे परिचयाची आहेत आणि त्यामागे बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये मांडलेले वर्गीकरण आहे, हेही बी.एड.मध्ये शिकून झालेले असते. तक्ता प्रश्नपत्रिकेत गुणांची वाटणी करण्यास उपयोगी पडतो. भाजणी बांधताना मात्र तो अपुरा ठरतो, कारण ज्ञानाचा प्रश्न दवबिंदूवर, आकलनाचा पुनर्हिमायनावर आणि उपयोजनाचा विशिष्ट उष्माधारकतेवर काढला तरी तक्ता पूर्ण भरतो, आणि विद्यार्थी मात्र एकाही ठिकाणी वर चढत नाही.

म्हणून आम्ही संपूर्ण पाठ न घेता ‘दवबिंदू आणि आर्द्रता’ हा एकच उपघटक घेतला आणि भाजणी वरून खाली लिहिली. सर्वात वरचा प्रश्न आधी निश्चित केला: मे महिन्यात गारवा देणारा कूलर तेवढ्याच पाण्यावर आणि तेवढ्याच वाऱ्यावर जुलैमध्ये गारवा का देत नाही, आणि मे महिन्यात कूलर चालू असताना खोलीची समोरची खिडकी उघडी ठेवावी की बंद? प्रश्नाचा दुसरा भाग मुद्दाम जोडला, कारण पहिल्या भागाचे उत्तर ऐकीव असू शकते, पण खिडकीबाबत निर्णय घ्यायचा तर आत काय घडते आहे ते कळलेले असावेच लागते. त्यानंतर एकेक पायरी उतरत गेलो आणि प्रत्येक वेळी एकच विचारत राहिलो: याचे उत्तर देण्यासाठी त्याच्या आधी काय कळलेले असायला हवे?

कूलरचे उत्तर देण्यासाठी पाण्याचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता घेते, हे हवे. ते याच पाठात अप्रकट उष्म्याच्या भागात आहे, मात्र आर्द्रतेच्या भागापासून काही पाने दूर. त्याच्या आधी, बाष्पीभवन किती वेगाने होईल हे हवेत आणखी किती बाष्प मावू शकते यावर अवलंबून असते, हे हवे. त्याच्याही आधी, ‘किती मावू शकते’ हे आत्ता असलेल्या बाष्पावरच नव्हे तर तापमानावरही ठरते, हे हवे. आणि तळाशी संपृक्त हवा, निरपेक्ष आर्द्रता आणि सापेक्ष आर्द्रता या तीन संज्ञा. उतरताना लक्षात आले की तळ आणि शिखर विद्यार्थ्यांपाशी होतेच. मधली तिसरी गोष्ट, म्हणजे तापमानानुसार बदलणारी क्षमता, पुस्तकात एका वाक्यात सांगितलेली असल्यामुळे वाचताना हातून निसटत होती.

ही पायरी बांधण्यासाठी एक छोटा तक्ता फळ्यावर लिहिला. एक घनमीटर हवा संपृक्त होण्यासाठी २० अंश सेल्सिअसला सुमारे १७.३ ग्रॅम, ३० अंशांना सुमारे ३०.४ ग्रॅम आणि ४० अंशांना सुमारे ५१.१ ग्रॅम बाष्प लागते. तीनच आकडे पुरेसे आहेत. दहा ओळींचा तक्ता दिला असता तर विद्यार्थी आकडे शोधण्यात गुंतले असते.

प्रत्यक्ष बैठकीत पहिली पायरी लवकर उरकली. पुस्तक मिटून प्रत्येकाने वहीत तीन संज्ञांचा अर्थ लिहायचा, मग शेजाऱ्याशी ताडून पाहायचा. स्मरणाचे प्रश्न तोंडी विचारले तर ज्याला येते तो बोलतो आणि इतर जण माना डोलावतात, म्हणून ते लिहूनच घ्यावेत. दुसऱ्या पायरीवर तक्ता वाचायला दिला: ‘२० अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत १७.३ ग्रॅम बाष्प आहे, तर या हवेबद्दल काय सांगाल?’ येथे ‘संपृक्त’ हा शब्द आणि ‘सापेक्ष आर्द्रता १०० टक्के’ हे दोन्ही आले, तेव्हा व्याख्या तक्त्याशी जोडली गेल्याची खात्री झाली.

तिसऱ्या पायरीवरचा प्रश्न असा होता: ‘पहाटे २० अंश तापमानाची हीच हवा एका पूर्ण बंद खोलीत अडकली आहे. दुपारी खोली ४० अंशांपर्यंत तापली. बाष्प आत आले नाही, बाहेरही गेले नाही. सापेक्ष आर्द्रता वाढली, कमी झाली की तेवढीच राहिली? आधी आकडेमोड न करता वहीत एक शब्द लिहा.’ पाचपैकी तिघांनी ‘तेवढीच’ लिहिले, एकाने ‘वाढली’ आणि एका मुलीने ‘कमी’. ‘तेवढीच’ लिहिणाऱ्यांपैकी एकाचे म्हणणे स्पष्ट होते: ‘सर, वाफ तर तेवढीच हाय ना, मग आर्द्रता बदलंल कशाला?’ ‘वाढली’ म्हणणाऱ्याचा आधार असा की गरमी वाढली की अंगाला घाम येतो, म्हणजे आर्द्रता वाढते.

‘तेवढीच’ आणि ‘वाढली’ ही चारही उत्तरे चुकली, पण बैठकीतील सर्वात मोलाचा ऐवज तीच होती. सूत्र पाठ असूनही विद्यार्थी सापेक्ष आर्द्रतेला बाष्पाचे प्रमाणच समजत होते, म्हणजे निरपेक्ष आणि सापेक्ष या दोन संज्ञा त्यांच्या मनात एकच होत्या. आकडेमोडीचा प्रश्न थेट दिला असता तर १७.३ भागिले ५१.१ गुणिले १०० असे करून त्यांनी बरोबर उत्तर काढले असते आणि हा गोंधळ तसाच झाकलेला राहिला असता. त्यामुळे अंदाज आधी आणि गणित नंतर, हा क्रम उलटू देऊ नये. आणि अंदाज लिहूनच घ्यावा. तोंडी असला की गणित झाल्यावर ‘माझंही तेच म्हणणं होतं’ असे सहज म्हणता येते.

अंदाज लिहून झाल्यावर गणित केले. २० अंशांना १०० टक्के, ३० अंशांना सुमारे ५७ टक्के, ४० अंशांना सुमारे ३४ टक्के. वरचा आकडा तिन्ही वेळा तोच, खालचा आकडा मोठा होत गेला. मी उत्तर समजावून न सांगता ज्या मुलीने ‘कमी’ लिहिले होते तिला तिचे कारण विचारले. ती म्हणाली, ‘डबा मोठा झाला, धान्य तेवढंच राहिलं, म्हणून डबा रिकामा दिसतो.’ गटाने पुढे हीच भाषा धरली. उपमा अगदी काटेकोर नाही, कारण बाष्प मावते ते काही हवेच्या पोटात नव्हे. त्या तापमानाला बाष्पाचा जो कमाल दाब शक्य असतो तो ही मर्यादा ठरवतो. पण दहावीच्या पायरीवर ती दिशाभूल करत नाही, म्हणून राहू दिली.

चौथ्या पायरीवर दोन दुपारींची तुलना आली. मे महिन्यातील दुपार: तापमान ४० अंश, एका घनमीटर हवेत १०.२ ग्रॅम बाष्प. जुलैमधील दुपार: तापमान ३० अंश, बाष्प २४.३ ग्रॅम. हे आकडे तक्त्याशी जुळतील असे मी निवडले होते आणि विद्यार्थ्यांनाही तसे सांगितले. दोन्ही दुपारी हवेत आणखी किती बाष्प मावेल ते काढा, असा प्रश्न होता. मे महिन्यात सुमारे ४१ ग्रॅम, जुलैमध्ये सुमारे ६ ग्रॅम. सापेक्ष आर्द्रता अनुक्रमे २० टक्के आणि ८० टक्के. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर हवा दमट आणि कमी असेल तर कोरडी वाटते, हे पुस्तकातील वाक्य त्यांना पाठ होते. येथे ते पहिल्यांदा उपयोगी पडले.

पाचव्या पायरीवर अप्रकट उष्मा जोडला, आणि तो लिहून नव्हे तर करून. प्रयोगशाळेतील दोन तापमापी शेजारी टांगल्या. एकीच्या फुग्याभोवती पातळ सुती कापडाची पट्टी गुंडाळून ती माठातील नव्हे तर खोलीत तासभर ठेवलेल्या पाण्याने भिजवली, म्हणजे पाणीच थंड होते अशी शंका राहू नये. मग दोन्हींवर वहीने वारा घातला. कोरड्या तापमापीचे वाचन हलले नाही. ओल्या तापमापीचे काही मिनिटांतच दहा अंशांहून अधिक खाली आले आणि नंतर स्थिरावले. ‘वाऱ्याने थंड होते’ असे म्हणणाऱ्याला कोरडी तापमापी उत्तर देते, कारण वारा दोन्हींना सारखाच मिळतो. येथे प्रश्न असा विचारला: ‘उष्णता कोणी घेतली, कोणाकडून घेतली, आणि घेऊन ती गेली कुठे?’ तीन भागांचा प्रश्न विचारला की ‘बाष्पीभवनामुळे थंडावा येतो’ हे पाठ केलेले वाक्य पुरे पडत नाही. पाण्याने घेतली, कापड, फुगा आणि लगतची हवा यांच्याकडून घेतली, आणि ती बाष्पासोबत अप्रकट रूपात गेली, हे तीन तुकडे तिघांनी मिळून सांगितले.

त्यानंतर कूलरचा प्रश्न घेतला तेव्हा शांतता पसरली नाही. मे महिन्याच्या हवेत भरपूर बाष्प मावत असल्याने कूलरच्या ओल्या गवतातून पाणी वेगाने उडते आणि उडताना आत येणाऱ्या हवेची उष्णता घेते. जुलैच्या हवेत जागाच नसल्याने पाणी फारसे उडत नाही, म्हणून हवा फारशी गार होत नाही आणि थोडेफार जे बाष्प वाढते त्याने घामही वाळेनासा होतो. घामाचा मुद्दा भाजणीत नव्हता, तो एका विद्यार्थ्याने आपणहून आणला. खिडकीवर मात्र वाद झाला. दोघे म्हणाले, बंद ठेवावी, नाहीतर गार हवा बाहेर जाईल. त्यांना उत्तर न देता चौथ्या पायरीवर परत पाठवले: खिडकी बंद असताना तासाभराने खोलीतील हवेत आणखी किती बाष्प मावेल? कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, सोबत बाष्पही आणतो. ती हवा निघून जाण्यास वाट नसेल तर खोलीची अवस्था हळूहळू जुलैसारखी होते. म्हणून समोरची खिडकी काही प्रमाणात उघडी हवी. अडलेल्या विद्यार्थ्याला उत्तर न सांगता नेमक्या कोणत्या पायरीवर परत पाठवायचे हे ठाऊक असणे, हा भाजणीचा मला वाटणारा सर्वात मोठा उपयोग आहे. विस्कळीत प्रश्नसंचात हे करता येत नाही.

पाचपैकी एकाच्या वस्तीवर कूलर नव्हता. त्याच्यासाठी वरचा प्रश्न माठावर घेतला: माठ मे महिन्यात पाणी जसे गार करतो तसे पावसाळ्यात का करत नाही, आणि तो कोनाड्यात ठेवावा की वाऱ्याच्या जागी? पायऱ्या त्याच राहिल्या. उपयोजनाच्या प्रश्नात विद्यार्थी ज्या वस्तूच्या माहितीअभावी अडेल ती वस्तू घालू नये, कारण मग अडचण विज्ञानाची की अनुभवाची हे कळत नाही.

याच माठावर उपयोजनाचा एक फसवा प्रश्नही काढता येतो आणि तो पुष्कळदा काढला जातो: ‘माठात १० किलोग्रॅम पाणी आहे. १०० ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन झाले. बाष्पनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा ५४० कॅलरी प्रति ग्रॅम धरल्यास पाण्याचे तापमान किती अंशांनी घटेल?’ ५४,००० कॅलरी भागिले १०,००० ग्रॅम, म्हणजे सुमारे ५.४ अंश. (माठात उरलेले पाणी किंचित कमी झाले, ते येथे सोडून दिले आहे.) माठ आला म्हणून हा प्रश्न उपयोजनाचा ठरत नाही, कारण कोणते तत्त्व वापरायचे ते प्रश्नानेच सांगून टाकले आहे, विद्यार्थ्याने केवळ किमती घालायच्या आहेत. हा तिसऱ्या-चौथ्या पायरीचा सराव म्हणून चांगला आहे. त्याला वर चढवायचे असेल तर पुढे विचारावे: ‘प्रत्यक्षात घट यापेक्षा कमी का दिसेल?’ भोवतालची गरम हवा माठाला सतत उष्णता देत असते, हे मग विद्यार्थ्याला स्वतः शोधावे लागते. ५४० हा आकडा १०० अंशांवरील आहे आणि नेहमीच्या तापमानाला तो ५८० च्या आसपास असतो, हे चौकस विद्यार्थ्याला सांगावे. सगळ्यांवर लादू नये.

बैठकांमध्ये भाजणी पूर्ण झाली म्हणजे ती चढता आली असे नव्हे. त्याच उत्साहात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या आधाराने येतात. म्हणून खरी पारख जुलैमध्ये, शाळा सुरू होऊन पाऊस पडू लागल्यावर घेतली. प्रश्न वेगळा होता आणि कूलर किंवा माठ त्यात नव्हता: ‘स्टीलच्या पेल्यात १५ अंश सेल्सिअसचे पाणी आहे. मे महिन्याच्या त्या दुपारी आणि जुलैच्या त्या दुपारी पेल्याच्या बाहेरच्या बाजूस काय दिसेल?’ सोबतीला आणखी दोनच आकडे दिले: संपृक्त होण्यासाठी १५ अंशांना १२.८ ग्रॅम आणि २६ अंशांना २४.४ ग्रॅम बाष्प लागते. मे महिन्याच्या हवेत १०.२ ग्रॅमच बाष्प असल्याने पेल्यालगतची हवा १५ अंशांपर्यंत थंड झाली तरी संपृक्त होत नाही, म्हणून पेला कोरडा राहतो. जुलैच्या हवेचा दवबिंदू जवळपास २६ अंशांवर असल्याने पेला लगेच दवाने ओला होतो. चौघांनी हे एकट्याने आणि लेखी सोडवले. पाचव्याने ‘जुलैत पेल्यातून पाणी झिरपते’ असे लिहिले. त्याला दुसऱ्या पायरीवर नव्हे तर तिसऱ्या पायरीवर परत आणावे लागले, आणि यावेळी खोली तापवण्याऐवजी थंड करून: ४० अंशांची तीच हवा २० अंशांवर आणली तर काय होईल? पायरी दोन्ही दिशांनी चढून-उतरून पाहिलेली नव्हती, हे त्यावरून कळले, आणि आता तिसऱ्या प्रश्नात तापणे आणि निवणे या दोन्ही बाजू ठेवल्या जातात. ओल्या तापमापीचा प्रयोगही त्याच दिवशी पुन्हा केला. दोन्ही वाचनांतील अंतर या वेळी दोन-तीन अंशांचेच भरले आणि गटाने त्याचे कारण विचारण्याआधीच सांगितले.

विज्ञान भाग १ ची प्रश्नपत्रिका ४० गुणांची आणि दोन तासांची असते. तिथे खिडकीवरचा वाद लिहिण्यास जागा नाही. त्यामुळे शेवटी प्रत्येकाने कूलरचे उत्तर तीन वाक्यांत बसवायचे ठरले: एक वाक्य हवेच्या सापेक्ष आर्द्रतेचे, एक बाष्पीभवनाच्या वेगाचे, एक अप्रकट उष्म्याचे. ज्याच्या तीन वाक्यांपैकी एक गळते, त्याची कोणती पायरी कच्ची आहे ते तपासणाऱ्याला तेथेच दिसते.

या एका उपघटकाला गटाच्या चार बैठका लागल्या आणि पेल्याचा प्रश्न वेगळाच. सबंध पाठाला अशी भाजणी बांधणे वेळेच्या हिशेबात बसत नाही आणि तशी गरजही नाही. ‘उष्णता’ पाठात आम्ही आर्द्रता आणि उष्णता विनिमय हे दोनच भाग वरपर्यंत नेले. पाण्याचे असंगत आचरण आणि होपचे उपकरण तिसऱ्या पायरीवर थांबवले: आलेख वाचता यावा, ४ अंशांना पाण्याची घनता सर्वाधिक असते हे त्यावरून सांगता यावे, आणि तापमान ४ अंशांखाली गेल्यावर वरचा तापमापी आधी का घसरतो याचा अंदाज बांधता यावा. गोठलेल्या तळ्यातील मासे आमच्या विद्यार्थ्यांनी चित्रातच पाहिलेले आहेत, आणि ओढूनताणून स्थानिक उदाहरण जोडण्यापेक्षा तो प्रश्न आकलनाच्या पायरीवरच राहू द्यावा, असे मी ठरवले.